शालू जुना की नुसती जर जुनी? घडीवर लाल दिसतंय ते तांबं की आणखी काही (फोटो आहेत, जाणकारांनी बघा)

अल्पना_बडोदा
नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या आईचा बनारसी शालू आमच्याकडे आलाय, वांगी रंग, अंगभर बुट्ट्या, पदर जरीने गच्च भरलेला. लग्न १९४६ चं, इथेच दांडिया बाजारात झालं, आणि घरात सगळे ठामपणे सांगतात की हा त्याच लग्नातला. मूळचा नऊवारी, नंतर कधीतरी कापून सहावारी केला.

आता प्रॉब्लेम असा झालाय की भाची म्हणते ऑनलाइन टाकू, "१०० वर्षं जुना, सोन्याची जर" असं लिहून, लोक वेड्यासारखे घेतात. मी म्हटलं आधी खात्री करू, म्हणून जुनी जर वजनावर घेणाऱ्या एका माणसाला दाखवला, तर तो घडीवरचं लाल बघून लगेच म्हणाला ताई ही तांब्याची जर, खरी नाही, आणि तरीसुद्धा किलोने घ्यायला तयार! मला तेच खटकलं. तांब्याची आहे तर तुला कशाला हवीये बाबा.

फोटो १ पूर्ण पदर. फोटो २ पदराची घडी, तिथे जर झिजून लालसर दिसतंय आणि आजूबाजूला काळं पडलंय. फोटो ३ काठ, तो मात्र बऱ्यापैकी चकचकीत आहे, काळा नाही, एकदोन ठिकाणी तोही लाल. तर जरीवरून वय कळतं का, आणि ही कुठली जर?

सराफ्यातला
इंदूरहून. आमचा धंदा सोन्याचांदीचा, साड्यांचा नाही, पण धातू कळतो. लाल दिसलं म्हणजे तांबं, विषय संपला. तांब्याच्या तारेवर चांदीचा हात, त्यावर सोन्याचा हात, बाजारात टेस्टेड म्हणतात ती. काळ्या दगडावर जर घासून बघा, कस लाल उमटला की समजा. आणि तांबं निघालं तर शंभर वर्षं विसरा, पूर्वी खरीच जर असायची, नकली सगळं नंतरचं.

ठमाकाकू
अगं अल्पना माझी पण आहे अशीच एक, सासूबाईंची, पदर पूर्ण काळा पडलाय आणि डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही. मी रिठ्याच्या पाण्याने पुसून बघितलं, मैत्रीण म्हणते तांब्याची भांडी घासायची पावडर अगदी हलक्या हाताने लाव, लखलखते. लावू का? आणि बडोद्यात पॉलिश कोण चांगलं करतं?

धागेदोरे
काकू, पावडर लावू नका, हात जोडते. जरीवरचा सोन्याचा थर इतका पातळ असतो की त्या पावडरीने काळेपणाच्या आधी सोनं निघेल आणि तुमच्या हातात पांढरा पदर येईल. पॉलिशचं नंतर बोलू, त्याला वेगळा धागा काढा.

अल्पनाताई, मी संग्रहालयात जुन्या कापडांच्या जतनाचं काम बरीच वर्षं केलंय त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. सराफदादांचं निम्मं बरोबर आहे. तांब्याच्या जरीत झिजलं की लाल दिसतं हे खरं, पण लाल दिसलं म्हणजे तांबंच असं नाही.

जरीचा धागा म्हणजे सबंध तार नसते. आत एक धागा, त्याच्याभोवती चपटी केलेली तार, म्हणजे बादला, वळसे घालत गुंडाळलेला. खऱ्या जरीत बादला चांदीचा आणि आतला धागा रेशमाचा. हे रेशीम मुद्दाम रंगवायचे, पिवळं, केशरी, काही ठिकाणी लाल, म्हणजे वळशांच्या फटीतून पांढरं न दिसता सोन्याला ऊब येते. बादला घडीवर तुटला की आतलं रेशीम उघडं पडतं, आणि ते लाल असेल तर लांबून बघणाऱ्याला तांबंच वाटणार. तुमच्या फोटो २ मध्ये लाल भागाच्या शेजारी काळं आहे. असं एकसारखं काळं चांदी पडते. तांबं आधी तपकिरी होतं, ओल लागली की हिरवट. म्हणून माझा अंदाज पदर चांदीचा, पण फोटोवरून छातीठोक सांगणार नाही.

घरी एवढं करा. पदराच्या टोकाला दशांजवळ एखादा सुटलेला जरीचा धागा असेल तर तो घ्या, अंगातून ओढू नका. दहापटीचं भिंग घ्या (सोनाराकडे असतं ते) आणि उन्हात बघा की लाल जे आहे ते चमकणारी पट्टी आहे की तिच्या फटीतला मऊ, बिनचमकीचा धागा. मग काठाचा धागा वेगळा घेऊन तेच करा. काठ आणि पदर एकच धरू नका, ते मी मुद्दाम सांगतेय.

टीपकागद
जाळून बघायचं ना सरळ. केसासारखा वास आला की खरी.

धागेदोरे
त्यातून आतला धागा रेशमाचा आहे इतकंच कळतं, वरची तार कसली ते नाही. पण जाळणारच असाल तर वासापेक्षा उरतं काय ते बघा. रेशीम जळून गेल्यावर तारेचं स्प्रिंग तसंच्या तसं उरतं, पांढरं असेल तर चांदी, लाल-काळं असेल तर तांबं. आणि सगळंच वितळून टोकाला कडक गोळी झाली तर ती प्लास्टिकची जर, म्हणजे पॉलिस्टरच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवून पट्ट्या कापलेली. मूळ विणीत ती सापडली तर वयाचा वाद तिथेच संपतो, कारण पॉलिस्टर फिल्म १९५० च्या आधी बाजारातच नव्हती, आपल्याकडे साड्यांत तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली.

माहेरवाशीण_ग्वाल्हेर
आमच्या आजीची चंदेरी होती, तिची जर पांढरी पडलीये पण काळी अजिबात नाही. मग ती कुठली? आणि चंदेरीला जीआय २००५ मध्ये मिळालं ना, म्हणजे त्याच्या आधीची सगळी खरी असं धरायचं का?

धागेदोरे
जीआयचा आणि तुमच्या साडीच्या वयाचा काही संबंध नाही हो, तो गावाच्या नावाचा हक्क आहे. पांढरी पडली पण काळी नाही म्हणजे बहुतेक प्लास्टिक जर, सोनेरी रंग हा वरचा लाखेचा थर असतो तो उडाला. पण आजीने स्वतः नेसलेली आहे ना, मग फार तर आजीच्या म्हातारपणातली असेल. भिंगाने बघून सांगा.

सराफ्यातला
मी पण मुद्दा सोडत नाही. चांदीच निघाली समजा, तर जुनी म्हणायची ना मग? आज कोण चांदीची जर घालतंय.

सुरतेचा_जावई
घालतात की. सासुरवाडीत दोन पिढ्या कसबाचं काम, म्हणजे हाच जरीचा धागा. ऑर्डर दिली तर आज पण चांदीच्या तारेची खरी जर मिळते, महाग पडते एवढंच. आणि उलटं पण बघा, नकली नंतरची हे पण चूक. फ्रान्सहून तांब्याची मुलाम्याची जर इकडे यायची, सुरतेचे लोक तिच्या स्वस्ताईने हैराण झालेले, १९३१ मध्ये सरकारने बाहेरच्या जरीवर संरक्षक जकात लावली ती त्यासाठीच. म्हणजे १९२० च्या साडीत तांबं सापडू शकतं आणि २०२० च्या साडीत चांदी. नुसत्या धातूवरून वय काढाल तर फसाल.

एक खूण मात्र आमच्याकडचे जुने लोक बघतात. पूर्वी चांदीच्या कांबीलाच सोन्याचा पत्रा चढवायचे आणि मग ती कांब एकामागून एक बारीक भोकांतून ओढत केसाएवढी तार करायचे, सोनं चांदीबरोबर ताणलं जायचं, त्यामुळे तारेला चारी बाजूंनी सोनं. नंतर विजेचा मुलामा आला, त्यात आधी पांढरी चांदी रेशमावर गुंडाळायची आणि तयार धागाच सोन्याच्या टाकीतून काढायचा. मग सोनं बसतं बाहेरच्या बाजूला, रेशमाला चिकटलेल्या आतल्या अंगाला नाही. त्यामुळे बादला थोडासा उलगडून आतली बाजू बघायची. आत पण पिवळी असेल तर जुनी पद्धत, आत पांढरी असेल तर विजेचा मुलामा.

धागेदोरे
हेच लिहिणार होते, तुम्ही जास्त चांगलं सांगितलंत. फक्त एवढी भर घालते की ही खूण एकाच बाजूने पक्की आहे. आत स्वच्छ पांढरी म्हणजे टाकीतला मुलामा, म्हणजे साडी २० व्या शतकातली किंवा त्यानंतरची, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. आत पिवळी म्हणजे मात्र जुनीच असं नाही, कारण कोणी गुंडाळण्याआधीच तारेला मुलामा दिला असेल तर तीही दोन्हीकडून पिवळी दिसणार.

अल्पना_बडोदा
बघितलं सगळं! धाकट्या दिरांचे मित्र सोनार आहेत त्यांच्या दुकानात बसून भिंगाने दोन्ही धागे बघितले, आणि त्यांच्याकडे सोन्याचा कस दाखवणारं मशीन आहे, त्याखाली पदर आणि काठ वेगवेगळे धरले.

पदर: लाल आहे तो आतला धागाच आहे, धागेदोरेताई तुम्ही म्हणालात तसाच, मऊ, मेंदीसारखा लाल, आणि वरची पट्टी जिथे झिजलीये तिथे ती चक्क पांढरी. सुईच्या टोकाने नखाएवढा बादला उलगडला, बाहेरून पिवळा, आतून पांढरा शुभ्र. मशीन म्हणालं चांदी ९४, तांबं ३.६, सोनं २.१.

काठ: इथे पट्टीच लाल आहे. आतला धागा पांढरा, जाळल्यावर कागद जळल्यासारखा वास, राख भुरभुरीत. मशीनवर तांबं ९५, चांदी ४ च्या आसपास, सोनं जेमतेम.

म्हणजे एकाच साडीत दोन जरी?? विणकराने फसवलं की काय आजेसासूबाईंना?

सराफ्यातला
पदराच्या बाबतीत माझं म्हणणं मागे. चांदी ९४ टक्के म्हणजे साडीचं वजन करा, त्यातलं ९४ टक्के चांदी धरून हिशोब होईल, भाव बघून सांगतो.

धागेदोरे
दादा तसा हिशोब करू नका, हे मशीन फक्त धातू मोजतं आणि सापडलेल्या धातूंची बेरीज शंभर करून दाखवतं. रेशीम त्याला दिसतच नाही. ९४ म्हणजे बादल्यातल्या धातूचा ९४ टक्के भाग चांदी. जरीच्या आतलं रेशीम, साडीचं अंग, ताणा, हे सगळं वजनातून वजा करायला हवं, आणि नेमकं किती ते साडी जाळल्याशिवाय कळत नाही. वजनावर घेणारे तेच करतात, जाळून चांदी गाळतात. आपल्याकडे खऱ्या जरीचे इतके शालू भांड्यांवर गेले ते असेच.

अल्पनाताई, विणकराला बोल लावायच्या आधी साडी उलटी करा. काठ जिथे अंगाला मिळतो ती रेघ भिंगाखाली धरा. विणलेला काठ असेल तर बाण्याचे धागे अंगातून काठात शिरताना किंवा काठाच्या धाग्यात अडकून परतताना दिसतील. तसं न दिसता जर कापडाची दुमडलेली कड आणि बारीक टाके दिसले तर काठ नंतर लावलाय. हे फार लोक करायचे, काठ सगळ्यात आधी फाटतो कारण तो जमिनीला घासतो. उलटंही करतात, अंग विरलं की जुने काठ-पदर काढून नव्या रेशमावर चढवतात. ऑनलाइन "व्हिंटेज" म्हणून येणाऱ्या कितीतरी साड्या तशाच असतात, जर खरोखर जुनी, रेशीम परवाचं, आणि विकणारा जरीचाच क्लोजअप टाकतो.

टीपकागद
काठाच्या कडेला बारीक भोकं असतात ती बघा, हातमागावर कापड ताणून धरायच्या काठीच्या टाचण्यांची. ती असली की हातमागाची जुनी, नसली की पॉवरलूम. सोपं आहे.

सुरतेचा_जावई
भोकं हातमागाची खूण धरतात हे बरोबर पण जुनेपणाची नाही, कालच्या हातमागावर पण पडतात. आणि यंत्रमागावर पण कापड ताणायला दातेरी कड्या असतात, त्यांच्यापण खुणा राहतात. बनारसीत त्यापेक्षा उलट्या बाजूला बुट्टी बघा, प्रत्येक बुट्टी सुटी विणलीये की मागे धागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत लोंबतायत किंवा कापलेत.

अल्पना_बडोदा
टाके आहेत!! खालच्या काठाला सबंध, आणि वरच्या काठाला पण. इतके बारीक आहेत की आजपर्यंत कोणाला कळलं नाही, त्यावर फॉल लावलेला त्यामुळे तर दिसायची सोयच नव्हती, फॉल उसवला तेव्हा दिसले. बुट्ट्या मागून सुट्या आहेत, लोंबते धागे नाहीत. पदर आणि अंग मात्र एकसंध, तिथे जोड नाही, बाण्याचा रंग बदलतो तिथे नीट विणत गेलेलं दिसतंय.

सासूबाईंना विचारलं तर आता म्हणतात, हो हो, आईने काठ बदलून घेतले होते बहुतेक. इतके दिवस कोणी बोललं नाही! कधी बदलले ते मात्र आठवत नाही, "सहावारी केली तेव्हाच असेल" एवढंच.

माहेरवाशीण_ग्वाल्हेर
मग नऊवारीतून उरलेल्या तुकड्याचं काय झालं? आमच्याकडे तर उरलेल्याचं परकर-पोलकं व्हायचंच.

धागेदोरे
ग्वाल्हेरच्या ताईंनी लाखातला प्रश्न विचारला. तो तुकडा काठ बदलायच्या आधी कापला असेल तर मूळ काठ त्यावर असणार.

तोपर्यंत आत्ता काय म्हणता येतं ते सांगते. पदर आणि अंग एकत्र विणलेलं, चांदीचा बादला, लाल रेशीम आत, मुलामा टाकीतला. हे १९४६ च्या लग्नाशी व्यवस्थित जुळतं. ते सिद्ध होतं असं मी म्हणत नाहीये, कारण अशीच जर १९३० ला पण झाली असती आणि १९६० ला पण. पण शंभर वर्षांच्या दाव्याला या जरीतून आधार मिळत नाही, आणि भाचीला सांगा की "सोन्याची जर" लिहू नको. धातूतलं सोनं दोन टक्के, तेही मुलाम्याचं. ही मुलाम्याची चांदीची जर आहे आणि ती तशीच लिहिलेली जाणकाराला जास्त आवडते.

काठाचं वय मी सांगू शकत नाही. आतला पांढरा धागा कागदासारखा जळला म्हणजे तो सुती असेल किंवा व्हिस्कोस, आणि ही दोन्ही जळताना सारखीच वागतात. सुती निघाला तर काही कळणार नाही, व्हिस्कोस निघाला तर काठ बराच अलीकडचा असण्याची शक्यता वाढते. त्याला मायक्रोस्कोप लागेल. तुमच्याकडे सयाजीराव विद्यापीठात कापडाचा विभाग आहे, तिथे ओळख असेल तर दोन मिनिटांचं काम.

सराफ्यातला
एक शंका. आतून पांढरं दिसतंय ते सोनं झिजल्यामुळे नसेल कशावरून? ८० वर्षं झाली म्हणताय.

सुरतेचा_जावई
आतलं अंग रेशमाला घट्ट चिकटलेलं असतं, झिजायला घासणार कशाला? झिजतं ते बाहेरचं, आणि इथे बाहेर पिवळं राहिलंय.

सराफ्यातला
घासत नसेल, पण रेशमाला घाम शोषला जातो ना आत. एवढ्या पातळ थराला तेवढं पुरे. मला पूर्ण पटलेलं नाही.

धागेदोरे
घामाने चांदी काळी पडेल, सोनं विरघळणार नाही. पण तुमची शंका अगदीच टाकाऊ नाही, एका धाग्यावर निकाल देऊ नये हे खरं. पदराच्या तीन-चार वेगळ्या जागचे सुटे धागे बघायला हवेत.

ठमाकाकू
लग्नाचा फोटो नाहीये का गं? आमच्याकडे त्या काळचे स्टुडिओतले फोटो आहेत सगळ्यांचे.

अल्पना_बडोदा
काकू आहे की! कपाटातून काढला. कृष्णधवल, आजेसासूबाई खुर्चीच्या बाजूला उभ्या, पदर मागे आहे त्यामुळे दिसत नाही, पण बुट्टी अगदी हीच वाटतेय, थेंबासारखी आणि वर किंचित वळलेली. आणि काठ आत्ताच्यापेक्षा निम्म्याने अरुंद! आत्ताचा चार बोटं आहे, फोटोत दोनच.

आणि माहेरवाशीणताई, तुमच्यामुळे मामेसासूबाईंना फोन केला. परकर होता, त्यांच्या मुलीकडे ग्वाल्हेरलाच आहे, लहानपणी दोनदा घातला आणि ठेवून दिला. व्हॉट्सॲपवर फोटो आलाय पण इतका अंधारात काढलाय की वांगी रंग काळा दिसतोय. काठ अरुंद आहे एवढं कळतं.

विकायचा विचार सध्या बाजूला ठेवलाय, भाची रुसलीये. वजनवाल्याचे दोन फोन येऊन गेले, भाव वाढवतोय.

धागेदोरे
त्याला वाढवू दे. परकराचा फोटो परत मागवा आणि असं सांगा: खिडकीपाशी, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून काठाची रुंदी दिसेल असा एक, उलट्या बाजूने काठ आणि अंग मिळतात तिथला एक, आणि नेफ्याच्या आतल्या बाजूचा एक. नेफ्यात ऊन-हवा लागलेली नसते, तिथे जर आणि रंग मूळचे राहतात. तिथला एखादा सुटा जरीचा धागा पाकिटात घालून पाठवला तर फारच उत्तम, कागदाच्या पाकिटात, प्लास्टिकच्या नाही. त्याच्या आत पण लाल रेशीम आणि आतून पांढरा बादला निघाला तर फोटोतला शालू आणि तुमच्या हातातला पदर एकच हे म्हणायला भक्कम आधार मिळेल. पिवळं रेशीम निघालं तर मात्र परत बोलू, काठाला आणि पदराला वेगळी जर वापरायचे विणकर, ते पण होतं.